साडेसात पट म्हणजे किती?

एका मराठी दैनिकात मी काही वर्षं विज्ञानाचं छोटं सदर लिहीत होतो. आठवड्याला एक मजकूर, जास्तीत जास्त 200 शब्दांचा. जगात कुठंतरी छापून आलेला एखादा शोधनिबंध घ्यायचा आणि सकाळी चहाबरोबर पेपर चाळणाऱ्या माणसाला कळेल असा सांगायचा, एवढंच काम. हे काम म्हणजे कापाकापी आहे, असं मी बरेच दिवस समजत होतो. दहा पानांमधली साडेनऊ पानं काढून टाकली की झालं. एका रमजानमध्ये माझा हा समज गेला. तो कसा गेला ते इथं सांगतो, कारण त्यातली चूक माझी होती आणि तशीच चूक आजही रोज कुठल्या ना कुठल्या पेपरात छापून येते.

निबंध होता मधुमेह आणि रोजे यांवरचा. 'एपिडायर' या नावानं तो ओळखला जातो. 2004 साली 'डायबेटिस केअर' या अमेरिकन नियतकालिकात तो छापून आला. अल्जीरियापासून इंडोनेशियापर्यंत 13 देशांमधल्या 12,243 मुस्लिम मधुमेही रुग्णांची माहिती त्यात होती. भारतही त्या 13 देशांत होता. या विषयावर एवढी मोठी पाहणी तोपर्यंत झालेली नव्हती आणि रमजान तोंडावर होता. सदरासाठी याहून चांगला विषय कुठला?

निबंधाच्या सारांशात दोन आकडे डोळ्यांत भरणारे होते. रमजानमध्ये रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग टाइप 2 मधुमेहात साडेसात पट वाढले होते आणि टाइप 1 मधुमेहात 4.7 पट. मी हे दोन्ही आकडे उचलले, तेरा देशांचा उल्लेख केला, शेवटी 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असं नेहमीचं वाक्य टाकलं आणि मजकूर पाठवून दिला. उपसंपादकांनी मथळा दिला, 'रोज्यामुळे मधुमेहींना साडेसात पट धोका'. तिसऱ्या रोज्याच्या दिवशी तो छापून आला.

त्या मजकुरातला एकही आकडा खोटा नव्हता. तरीही पुढच्या दोन आठवड्यांत त्यानं दोन माणसांचं नुकसान केलं. मला माहीत असलेली ही दोन.

पहिले माझे चाचा. वय एकसष्ट, टाइप 2 मधुमेह, गोळी एकच, मेटफॉर्मिन. साखर वर्षभर आटोक्यात. त्यांच्या डॉक्टरांनी रमजानआधीच गोळीच्या वेळा इफ्तार आणि सहरीला जोडून दिल्या होत्या आणि रोजे ठेवायला हरकत नाही असं सांगितलं होतं. चाचांनी पेपर वाचला आणि चौथ्या दिवसापासून रोजे सोडले. मला फोन करून म्हणाले, "बेटा, तूच लिहिलंयस साडेसात पट. आता डॉक्टरचं ऐकू की तुझं?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे रोजे सुटले होते, आणि आवाजातलं वाईट वाटणं मला फोनवरही ऐकू येत होतं.

दुसरा आमच्या मोहल्ल्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला लहानपणापासून टाइप 1, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, दिवसातून चार वेळा इंजेक्शन. डॉक्टर त्याला रोजे नको म्हणत होते आणि तो दर वर्षी हट्ट करत होता. त्याच्या अम्मीनं माझा मजकूर त्याला वाचून दाखवला, घाबरवण्यासाठी. त्यानं तो उलटा वाचला. म्हणाला, "बघ, मोठ्या माणसांना साडेसात पट आहे, माझ्यासारख्यांना साडेचारच. म्हणजे माझं बरंच आहे की." त्यानं रोजे धरले. दुसऱ्या आठवड्यात असरनंतर, मगरिबला तासभर राहिला असताना, तो दुकानात कोसळला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला.

त्याच्या अम्मीनं मला हे सांगितलं तेव्हा रागावून सांगितलं नाही. तिला खरोखर विचारायचं होतं, "भाईजान, साडेचार तर साडेसातपेक्षा कमीच ना?" त्या रात्री तरावीहनंतर मी निबंध पुन्हा उघडला. या वेळी सारांशापाशी थांबलो नाही.

'पट' हा शब्द कशाच्या पट ते सांगत नाही. दहा रुपयांची साडेसात पट पंचाहत्तर रुपये होते आणि हजार रुपयांची साडेचार पट साडेचार हजार. पट लहान असली तरी रक्कम मोठी असू शकते. इथं नेमकं तेच होतं. टाइप 2 असलेल्या 1,000 जणांमागे इतर महिन्यांत साखर गंभीर उतरण्याचे प्रसंग महिन्याला सरासरी 4 होते, रमजानमध्ये ते 30 झाले. टाइप 1 असलेल्या 1,000 जणांमागे इतर महिन्यांत 30 होते, रमजानमध्ये 140 झाले. म्हणजे टाइप 2 मधुमेही रमजानमध्ये जिथं पोचतात, तिथून टाइप 1 मधुमेही सुरुवात करतात. कमी पट असलेल्या मुलाचा धोका जास्त पट असलेल्या चाचांच्या गटापेक्षा साडेचार पटींहून अधिक होता. माझा मजकूर वाचून दोघांनी जे अर्थ काढले ते सरळ होते. उलटा होता तो मजकूर.

हे आकडे निबंधात लपवलेले नव्हते. ते तिथंच होते, पण '0.004 प्रसंग दर महिना' आणि '0.03 प्रसंग दर महिना' अशा रूपात. दशांश चिन्हानंतरची शून्यं पेपरात कुणी वाचत नाही म्हणून मी ती टाळली आणि त्यांचा भागाकार तेवढा घेतला. खरं तर मला भागाकार करायचाच नव्हता, गुणाकार करायचा होता. 0.004 ला 1,000 नं गुणलं की 4 होतात आणि मोहल्ल्यातल्या कुणालाही ते कळतात. 100 नं गुणलं असतं तर 0.4 माणूस आला असता, जो कुठं भेटत नाही. म्हणून पाया 1,000 चा घ्यायचा, आणि एकदा घेतला की मजकुरातल्या सगळ्या आकड्यांना तोच ठेवायचा. एका वाक्यात 'शंभरात तीन' आणि पुढच्यात 'हजारात चार' लिहिलं की वाचणाऱ्याला चार मोठा वाटतो.

त्या रात्री दुसरी गोष्ट सापडली ती पहिलीपेक्षाही खटकली. पाहणीत साखर उतरण्याबरोबर साखर भयंकर चढण्याचीही मोजणी होती, इतकी चढणं की दवाखान्यात भरती व्हावं लागावं. टाइप 2 मध्ये 1,000 जणांमागे हे प्रसंग महिन्याला 10 वरून 50 वर गेले होते, टाइप 1 मध्ये 50 वरून 170 वर. हे वाढणं पाच पट आणि तीन पट, म्हणजे साडेसातच्या शेजारी किरकोळ दिसणारं. म्हणून मी ते गाळलं होतं. पण माणसं मोजली तर दोन्ही गटांत साखर चढून दवाखान्यात जाण्याचे प्रसंग साखर उतरण्यापेक्षा जास्त होते. टाइप 2 मध्ये 30 विरुद्ध 50. मी वाचकांना दिवसाच्या भुकेची भीती घातली आणि इफ्तारच्या ताटाबद्दल चकार शब्द काढला नाही. भजी, सरबत, खजूर, शीरखुर्मा, आणि वरून साखर उतरेल या भीतीनं स्वतःच्या मनानं कमी केलेली औषधं. सगळ्यांत ठळक पट शोधून तीच बातमी करायची सवय लागली की असं होतं. मोठी पट बहुतेकदा तिथंच सापडते जिथं मूळ संख्या अगदी लहान असते.

तिसरी गोष्ट शब्दांची. मी आणि उपसंपादक दोघांनीही 'रोज्यामुळे' लिहिलं. निबंधानं तुलना केली होती ती रमजान महिन्याची इतर महिन्यांशी. रमजानमध्ये फक्त दिवसाचं जेवण बंद होत नाही. झोप तुटते, पहाटे आणि रात्री खाणं होतं, गोळ्यांच्या वेळा बदलतात, कामाची पद्धत बदलते. या पाहणीत ज्यांनी औषधाचं प्रमाण किंवा राहणीमान बरंच बदललं होतं, त्यांच्यात साखर गंभीर उतरण्याचे प्रसंग अधिक दिसले होते. तेव्हा 'रोज्यामुळे' म्हणणं हा माझा निष्कर्ष होता, निबंधाचा नव्हे. 'रमजान महिन्यात' लिहिलं असतं तर एकच शब्द वाढला असता. 200 शब्दांत बसवायचं म्हणून शब्द गाळावे लागतात हे खरं, पण चुकीचे शब्द घालावे लागतात असं नाही.

आणि 'गंभीर' म्हणजे काय? निबंधात साखर उतरण्याचे तेच प्रसंग गंभीर म्हणून धरले होते ज्यांत दवाखान्यात भरती व्हावं लागलं. घरी चक्कर आली, शेजारणीनं तोंडात साखर घातली आणि बरं वाटलं, हे त्यात नाही. म्हणजे खरा त्रास या आकड्यांपेक्षा जास्तच असणार. दुसऱ्या बाजूला, ही माहिती रुग्णांकडून आणि डॉक्टरांकडून नंतर विचारून गोळा केलेली होती. पाहणी 2001 ची. तेव्हाची औषधं आणि आजची औषधं सारखी नाहीत. साखर एकाएकी न उतरवणाऱ्या ग्लिप्टिन गटातलं पहिलं औषध बाजारात आलं ते 2006 साली. हे सगळं 200 शब्दांत कसं सांगायचं, हा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. उत्तर असं की सगळं सांगायचं नाही, पण ज्याच्या नसण्यानं वाचक उलटं वागेल ते सांगितल्याशिवाय सोडायचं नाही.

यानंतर मी एक रीत बसवली. निबंध हातात आला की सारांश आणि निष्कर्ष आधी वाचायचे नाहीत. आधी 'पद्धत' हा भाग वाचायचा आणि कागदावर चार ओळी लिहायच्या. कोणाला पाहिलं. कशाशी तुलना केली. काय मोजलं, आणि ते कसं ओळखलं. 1,000 जणांमागे आधी किती, नंतर किती. या चार ओळी भरता आल्या नाहीत तर तो निबंध त्या आठवड्याला घ्यायचा नाही. मग मजकूर लिहायचा. लिहून झाला की ज्याचा विषयाशी संबंध नाही अशा एका माणसाला वाचायला द्यायचा. 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे मान डोलावतात. विचारायचं, 'हे वाचून तू उद्या काय करशील?' त्याचं उत्तर निबंधाशी जुळलं नाही तर मजकूर चुकलेला आहे, वाक्यं कितीही गोड असोत.

या रीतीनं तोच निबंध मी पुन्हा लिहिला. पुढच्या वर्षी, रमजानच्या दहा दिवस आधी, तो असा छापून आला:

"रमजानमध्ये साखर उतरते, तशी चढतेही. तेरा मुस्लिमबहुल आणि इतर देशांमधल्या 12,243 मधुमेही रुग्णांची 2001 मध्ये पाहणी झाली. त्यात रमजान महिन्याची तुलना वर्षाच्या इतर महिन्यांशी केली होती. लहान वयात सुरू होणाऱ्या, इन्सुलिनवर चालणाऱ्या टाइप 1 मधुमेहाच्या 1,000 रुग्णांमागे साखर उतरून दवाखान्यात जाण्याचे प्रसंग महिन्याला 30 वरून 140 झाले. मोठ्या वयातल्या टाइप 2 मधुमेहात ते 4 वरून 30 झाले. साखर फार चढून भरती होण्याचे प्रसंग याहून जास्त होते, टाइप 1 मध्ये 170 आणि टाइप 2 मध्ये 50. ज्यांनी औषधाचं प्रमाण किंवा राहणीमान बरंच बदललं, त्यांची साखर अधिक वेळा उतरली. ही पाहणी जुनी आहे, औषधं बदलली आहेत, आणि तुमची गोळी कोणती यावर बरंच अवलंबून आहे. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिननं ती उपाशीपोटी उतरू शकते. म्हणून रमजानच्या आधीच डॉक्टरांना औषधाचं नाव दाखवून विचारा. रोजा असताना साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथंच सोडायचा असतो."

मोजून पाहा, 150 शब्दांच्या आतबाहेर. एकही 'पट' नाही. मथळाही मीच देऊन पाठवला होता आणि खाली उपसंपादकांना चिठ्ठी होती की मथळा बदलायचा असेल तर आकडा घालू नका. त्यांनी तो बदलला नाही. मथळा दुसऱ्याच्या हातात असतो ही आम्हा लिहिणाऱ्यांची नेहमीची सबब असते. पण मजकुरात 'साडेसात पट' असं तयार खाद्य ठेवलं की मथळा त्याचाच होणार. पहिल्या वेळी तो मीच वाढून ठेवला होता.

हे छापून आल्यावर एका वाचकांचं पत्र आलं. त्यांचं म्हणणं, आपल्या समाजाच्या इबादतीबद्दल असं आकडे मांडून लिहू नये, आधीच बाहेरचे बोलतात. त्यांची भीती मला समजते. 'रोजा घातक' असा मथळा ज्यांना हवाच असतो, त्यांना माझ्या पहिल्या मजकुरानं तो आयता दिला होता. पण याच चुकीची दुसरी बाजू आपल्या घरात आहे. 2016 साली जपानचे योशिनोरी ओसुमी यांना नोबेल मिळालं तेव्हापासून दर रमजानला मोबाइलवर एक संदेश फिरतो, की रोज्यानं कॅन्सर बरा होतो हे नोबेल विजेत्यानं सिद्ध केलं. ओसुमींनी अभ्यासली ती यीस्टची पेशी, पाव फुगवायला वापरतात ती. उपाशी ठेवलेली ती पेशी स्वतःचेच भाग मोडून पुन्हा कसे वापरते आणि त्यासाठी कुठली जनुकं लागतात, हे त्यांनी शोधून काढलं. त्यात रोजेदार नाहीत, कॅन्सरचे रुग्णही नाहीत. माझ्या चार ओळींतली पहिलीच ओळ, 'कोणाला पाहिलं', भरायला घेतली की हा संदेश तिथंच थांबतो. 'रोजा घातक' आणि 'रोजा रामबाण' हे दोन संदेश एकमेकांचे शत्रू वाटतात, पण दोन्ही एकाच कापाकापीतून निघतात. कोण, कशाशी, किती, हे कापून टाकलं की उरलेल्या तुकड्याला हवी ती बाजू देता येते.

आणि इबादतीचंच म्हणाल तर आजारी माणसाला नंतरच्या दिवसांत रोजे पुरे करण्याची किंवा फिदया देण्याची सवलत सूरह बकराच्या 184 व्या आयतीपासून सांगितलेली आहे, आणि बोटाला सुई टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमा सांगतात. सवलत आपल्याला आहे की नाही हे ठरवायला माणसाला स्वतःचा धोका माहीत हवा. तो नेमका सांगणं हा दीनच्या विरोधात जाणारा उद्योग आहे असं मला वाटत नाही. उलट चाचांना जी सवलत लागत नव्हती ती त्यांनी घाबरून घेतली आणि त्या मुलाला जी लागत होती ती त्यानं नाकारली, हे दोन्ही माझ्या अर्धवट लिहिण्यानं झालं.

माझं म्हणणं आता एवढंच आहे. आरोग्यावरच्या कुठल्याही छोट्या मजकुरात नुसती 'पट' किंवा नुसते 'टक्के वाढ' छापू नये, संपादकांनी ते परत पाठवावं. जागा नसेल तर देशांची संख्या गाळा, नियतकालिकाचं नाव गाळा, पण '1,000 पैकी आधी किती, नंतर किती' हे गाळू नका. आणि वाचकांनी, पेपरात 'पट' दिसली की पुढचा मजकूर वाचण्याआधी एकदा विचारावं, कशाच्या?

चाचा दुसरा मजकूर वाचून डॉक्टरांकडे गेले, गोळीचं नाव दाखवलं आणि त्या वर्षी सगळे रोजे पूर्ण केले. आदल्या वर्षीचे सुटलेले त्यांनी थंडीच्या छोट्या दिवसांत आधीच भरून काढले होते. त्या मुलानं रोजे ठेवले नाहीत. त्याची अम्मी मला म्हणाली, "या वेळी वाचून दाखवावं लागलं नाही. त्यानंच वाचलं, आणि 140 वर बोट ठेवून गप्प बसला."